उत्तर हातात, प्रश्न गायब

मुलाखत देऊन बाहेर पडलेला उमेदवार बस पकडायच्या आधी फोन काढतो आणि कॉलेजच्या सरांना, एखाद्या सिनियरला किंवा नोकरीत मुरलेल्या ताईला लिहितो, "मी असं असं सांगितलं. ठीक होतं का?" खाली दहा-बारा ओळींत त्याचं उत्तर असतं. विचारलं काय होतं, ते मात्र त्यात नसतं. वाचणाराही ते मागत नाही. उत्तर वाचतो, बरं वाटतं आणि कळवतो, "छान आहे, जरा थोडक्यात सांगत जा."

हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण त्याने फसगत होऊ शकते. मुलाखतीतलं उत्तर हे निबंधासारखं स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. त्याला गुण मिळतात ते विशिष्ट प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून. पद्धतशीर आखलेल्या मुलाखतीत तर प्रश्न ठरतानाच त्याच्या उत्तराची मोजपट्टीही ठरलेली असते. प्रश्न बदलला की मोजपट्टी बदलते आणि तीच वाक्यं वर जातात किंवा खाली येतात.

हे किती टोकाला जाऊ शकतं, याचं एक जुनं आणि चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे. गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये 'परिस्थितीवर आधारित मुलाखत' या पद्धतीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या सॉ मिलमधले कामगार आणि फोरमन होते. प्रश्न तयार करायची रीत अशी, की आधी प्रत्यक्ष कामावरचे खरे प्रसंग गोळा करायचे, कुणी फार चांगलं वागलं ते आणि कुणी फार वाईट वागलं तेही. प्रसंग गोळा करायची ही रीत जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीचा अभ्यास करताना घडवली आणि 1954 मध्ये सविस्तर मांडली. त्या प्रसंगांतून प्रश्न काढायचा आणि त्याच वेळी कोणत्या प्रकारच्या उत्तराला किती गुण द्यायचे, याचे नमुने लिहून ठेवायचे.

त्यातला एक प्रश्न साधारण असा होता: तुमची पत्नी किंवा पती आणि दोन मोठी मुलं सर्दीने अंथरुणाला खिळली आहेत. त्यांच्याकडे बघायला नातेवाईक किंवा मित्र कुणी नाही. तुमची पाळी तीन तासांनी सुरू होते. तुम्ही काय कराल?

आता प्रश्न झाकून फक्त उत्तर वाचू. "मी सुपरवायझरना फोन करून माझी अडचण नीट सांगेन." या उत्तरात खोट काढायला जागा दिसत नाही. जबाबदारी आहे, संवाद आहे, प्रामाणिकपणा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण त्याला पैकीच्या पैकी देतील. त्या गुणपत्रकात मात्र पाचच्या पट्टीवर या उत्तराला तीन होते. घरी थांबेन, कुटुंब आधी, असं म्हणणाऱ्याला एक. आणि नुसती सर्दीच तर आहे, मी कामावर येईन, असं म्हणणाऱ्याला पाच. कारण तो प्रश्न संवादकौशल्याबद्दल नव्हता, हजेरीबद्दल होता. 'सर्दी' आणि 'मोठी मुलं' हे दोन तपशील त्यात मुद्दाम ठेवले असावेत, आजार किरकोळ आहे आणि आजारी माणसं स्वतःचं बघू शकतात हे उमेदवाराच्या लक्षात येतं का, ते पाहण्यासाठी. आजच्या काळात, विशेषतः कोरोनानंतर, ही पट्टी कुणाला पटणार नाही आणि न पटणं रास्तच आहे. पण पट्टी चूक असली तरी उमेदवार तिच्यावरच मोजला गेला आणि ती काय मोजते याची खूण प्रश्नात होती, उत्तरात नव्हती.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात तीन वर्षं काढलेला, डिप्लोमा झालेला एक मुलगा दुसऱ्या कंपनीत मुलाखत देतो आणि आपलं उत्तर आपल्याला पाठवतो.

"गेल्या पावसाळ्यात शाफ्टचा 400 नगांचा एक लॉट संध्याकाळी डिस्पॅचला निघाला होता. शेवटच्या तपासणीत मला पाच-सहा नगांचा बाहेरचा व्यास मापापेक्षा जास्त लागला. गाडी गेटवर उभी होती. सुपरवायझर म्हणाले, एवढं चालतं, सोडून दे. मी म्हटलं, सर, अर्धा तास थांबू या. आम्ही लॉटला होल्डचं कार्ड लावलं, सगळे नग गेजवर तपासले, 23 बाद निघाले. उरलेला माल रात्री साडेनऊला पाठवला. नंतर कळलं की टूल झिजलं होतं आणि सकाळच्या शिफ्टने ऑफसेट दुरुस्त केला नव्हता. आता आम्ही दर 50 नगांनंतर माप घेऊन नोंद करतो. ग्राहकाची तक्रार आली नाही."

उत्तर चांगलं आहे. प्रसंग खरा वाटतो, आकडे आहेत, क्रम आहे, शेवट आहे. परिस्थिती, काम, कृती आणि परिणाम अशा चार पायऱ्यांनी उत्तर बांधायला प्लेसमेंटच्या वर्गात शिकवतात, त्याही सगळ्या पायऱ्या इथे सापडतात. टूल झिजलं की लेथवर बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, म्हणजे कारणही तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मग सल्ला काय द्यायचा?

समजा, प्रश्न असा होता: "वरिष्ठांशी तुमचा मतभेद झाला असा प्रसंग सांगा. तो कसा हाताळलात?" आता या उत्तराचा जीव एका ठिकाणी आहे आणि नेमका तिथेच उमेदवार घाईने पुढे गेला आहे. सुपरवायझर म्हणाले सोडून दे, मी म्हटलं थांबू या, आणि पुढच्याच वाक्यात होल्डचं कार्ड लागलंसुद्धा. मधे काय झालं? साहेब का तयार झाले? जादा मापाचा नग त्यांच्या हातात दिला का? ग्राहकाकडे असेंब्लीत तो बसणार नाही, हे दाखवलं का? की क्वालिटीचा माणूस म्हणून माल अडवायचा अधिकार याच्याकडेच होता आणि साहेबांचं मत फक्त मत होतं? ऐकणाऱ्याला नेमकं हेच हवं आहे आणि उत्तरात ते नाही. मग सल्ला असा निघेल: टूलची झीज एका वाक्यात आटपा आणि साहेबांशी झालेलं बोलणं, दोन्ही बाजूंचं, चार-पाच वाक्यांत सांगा.

समजा, प्रश्न होता: "गुणवत्तेची एखादी अडचण तुम्ही मुळापासून सोडवलीत का?" आता साहेबांशी झालेली बोलाचाली जवळजवळ अनावश्यक ठरते. मघाशी एका वाक्यात आटपायला सांगितलेला भागच आता उत्तराचा गाभा होतो. "नंतर कळलं" म्हणजे कुणाला आणि कसं कळलं? बाद नग लॉटमध्ये शेवटी शेवटी साचले होते का? तसे असतील तर झिजेचा संशय पक्का होतो. विखुरलेले असतील तर कारण दुसरंच असू शकतं. दर 50 नगांनी माप घ्यायचं हे कशावरून ठरवलं? पुढच्या लॉटमध्ये काय दिसलं? अनुभवी परीक्षक इथे लगेच ओळखतो की माल निवडून पाठवणं म्हणजे अडचण सुटणं नव्हे. 400 नग चाळणं ही तातडीची मलमपट्टी झाली, मूळ उपाय शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे आणि तोही कुणी शोधला ते कळत नाही.

समजा, प्रश्न होता: "वेळ पाळायची की दर्जा, असा पेच पडला तेव्हा काय केलंत?" मग हे उत्तर बऱ्यापैकी जसंच्या तसं चालेल. गेटवरची गाडी, साहेबांचा आग्रह, थांबायचा निर्णय, साडेनऊला गेलेला माल, सगळं नेमक्या जागी आहे. एकच विचारावंसं वाटेल, की उशीर होतोय हे ग्राहकाला कळवलं का, कुणी कळवलं.

आणि समजा, प्रश्न असा होता: "तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा." आता हेच उत्तर कोसळतं. यात चूक आहे, पण ती सकाळच्या शिफ्टची आहे. चुकीची बाजू घेणारे साहेब आहेत. उमेदवार स्वतः सगळ्यात शहाणा आहे. स्वतःच्या चुकीबद्दल विचारलं असता दुसऱ्यांच्या चुका आणि स्वतःचं कर्तृत्व सांगणारा माणूस, अशी नोंद समोरच्या कागदावर होईल. वाक्यं तीच आहेत, पाच मिनिटांपूर्वी आपण त्यांना "छान" म्हणालो होतो.

यातलं एकच वाक्य उचलून पाहा: "सुपरवायझर म्हणाले, एवढं चालतं, सोडून दे." मतभेदाच्या प्रश्नात ते उत्तराचं दार आहे. मुळापासून सोडवण्याच्या प्रश्नात ते गाळलं तरी चालेल. पेचाच्या प्रश्नात त्याने ताण उभा राहतो. स्वतःच्या चुकीबद्दलच्या प्रश्नात ते दुसऱ्याकडे बोट दाखवणं ठरतं. त्यामुळे हे वाक्य ठेवावं की काढावं, असं कुणी विचारलं तर प्रश्न माहीत नसताना याचं कोणतंही खात्रीचं उत्तर देता येत नाही.

इथे एक पळवाट सुचते. उत्तरावरून प्रश्न ओळखता येणार नाही का? थोडाफार येतो. क्रियापदांकडे पाहा. सगळी भूतकाळात असतील, "केलं, गेलो, सांगितलं", तर बहुधा घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं असावं. "करेन, विचारेन" असेल तर काल्पनिक परिस्थिती दिली असावी. उत्तर कशाने सुरू होतं आणि कशावर थांबतं, यातूनही कळतं, कारण माणूस बहुधा प्रश्नातलाच एखादा शब्द पकडून सुरुवात करतो आणि आपल्याला जे सिद्ध करायचं असतं तिथे थांबतो. आपला उमेदवार "ग्राहकाची तक्रार आली नाही" इथे थांबला, म्हणजे यशस्वी शेवट असलेला प्रसंग त्याला सांगायचा होता. यावरून आपण म्हणू, प्रश्न दर्जा आणि वेळेच्या पेचाचा असणार.

पण धोका या अंदाजातच आहे. उत्तरावरून आपल्याला कळतो तो उमेदवाराने ऐकलेला प्रश्न, विचारलेला प्रश्न नव्हे. दोन्ही एकच असतील तर काही बिघडत नाही. ते वेगळे असतील, म्हणजे उमेदवाराची गाडी मुळातच रूळ सोडून गेली असेल, तर आपण उत्तरावरून काढलेला प्रश्न त्याच्या चुकीवर पांघरूण घालतो. आपण नकळत असा प्रश्न निवडतो ज्यात हे उत्तर सगळ्यात शोभून दिसेल. विचारलेल्या गोष्टीचं उत्तरच न देणं हा मुलाखतीतला फार मोठा दोष आहे आणि प्रश्न नसताना तपासणाऱ्याला नेमका तोच दिसू शकत नाही. बाकीचे बारीकसारीक दोष दिसतात, म्हणून तपासणी झाल्याचं समाधान मात्र मिळतं. मला या सगळ्यात सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते.

मुलाखतींवर संशोधन करणाऱ्यांनी प्रश्न नेमका ओळखण्याच्या कौशल्याकडे वेगळं लक्ष दिलं आहे. झुरिकचे मार्टिन क्लाइनमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हे तपासत आले आहेत, की समोरचे आपल्यात नेमकं काय शोधताहेत हे उमेदवाराला किती ओळखता येतं. काही जणांना ते पटकन उमगतं, काहींना नाही, आणि ज्यांना उमगतं त्यांना मुलाखतीत सरस गुण मिळतात असं त्यांना दिसून आलं. म्हणजे प्रश्नामागचा हेतू ओळखणं हा गुण मिळवण्याचाच एक भाग आहे. उमेदवाराने पाठवलेल्या उत्तरात मात्र ही ओळखण्याची पायरी आधीच घडून गेलेली असते. ती बरोबर पडली की चुकली, हे ताडायला प्रश्नच शेजारी ठेवावा लागतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रश्न मागणं. पण "प्रश्न काय होता?" एवढंच विचारून भागत नाही. जॅकलिन सॅक्स यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. लोकांना ध्वनिमुद्रित उतारा ऐकवला आणि मधेच थांबवून आधीचं एखादं वाक्य, कधी जसंच्या तसं तर कधी थोडं बदलून, पुन्हा ऐकवलं. वाक्य नुकतंच ऐकलेलं असेल तर रचनेतला बारीक बदलही लोकांना ओळखता येत होता. मधे साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला की रचनेतला बदल ओळखणं जवळजवळ अंदाजावर आलं. अर्थ बदलला असेल तर मात्र तो पुष्कळ जणांना ओळखता आला. थोडक्यात, शब्द निसटतात आणि अर्थ राहतो.

मुलाखतीला हे लावून पाहिलं की अडचण कळते. उमेदवाराकडे राहतो तो त्याने त्या क्षणी लावलेला अर्थ. तो चुकीचा लावला असेल तर संध्याकाळी तो चुकीचा अर्थच प्रश्न म्हणून सांगितला जातो, आणि पूर्ण प्रामाणिकपणे. "त्यांनी विचारलं, क्वालिटीत काही अडचण आली होती का?" असं तो लिहील. प्रत्यक्षात वाक्य असेल, "क्वालिटीत काम करताना तुमच्याकडून काय निसटलं?" सहज पाहता दोन्ही सारखे वाटतात. पण पहिल्याला सकाळच्या शिफ्टची गोष्ट चालते, दुसऱ्याला चालत नाही.

यावर एक उपाय म्हणजे प्रश्नाच्या आसपासचं विचारणं. मी उमेदवाराला विचारते ते असं: तुमचं उत्तर संपल्यावर ते पुढे काय म्हणाले? मधे कुठे थांबवलं का? थांबवून काय विचारलं? पुढचा प्रश्न याच विषयावर होता की एकदम दुसराच? मुख्य प्रश्नाचे शब्द विसरले तरी हे बऱ्याचदा आठवतं, कारण अडवलं गेल्याचा क्षण मनाला लागलेला असतो. आणि माहिती तिथेच असते. "बरं, पण यात तुमची भूमिका काय होती?" असं विचारलं असेल तर "आम्ही, आम्ही" फार झालं होतं. "मग साहेब काय म्हणाले?" असं विचारलं असेल तर त्यांना मतभेदाचा धागा हवा होता. "ते ठीक आहे, पण तुमचं काय चुकलं?" असं आलं असेल, तर प्रश्न कोणता होता हे आता सांगायलाच नको. चांगला परीक्षक उमेदवाराला पुन्हा रुळावर आणायचा एखादा प्रयत्न करतोच. तो प्रयत्न म्हणजे आपल्याला मिळालेला अर्धा प्रश्न.

कधी प्रश्न सांगता येत नाही, हेही खरं. काही कंपन्या प्रश्न बाहेर सांगू नका असं बजावतात, काही ठिकाणी तशी सही घेतात. ते पाळायला हवं. उद्या त्याच प्रश्नांवर दुसऱ्या कुणाची मुलाखत व्हायची असते आणि मोजपट्टी सगळ्यांना सारखी असण्यातच तिचा न्याय आहे. अशा वेळी मी शब्द मागत नाही, साचा मागते. घडलेलं विचारलं की काल्पनिक? चांगल्या बाजूने विचारलं की वाईट? विषय तुम्ही स्वतः होता, तुमची टीम होती की तुमचे वरिष्ठ? "भूतकाळ, वाईट बाजू, स्वतः" एवढं जरी कळलं तरी वरच्या चार शक्यतांपैकी तीन गळून पडतात आणि कुणाचा विश्वासही मोडत नाही.

काहीच मिळालं नाही तर? उमेदवार म्हणतो, आठवतच नाही, आणि परवा दुसरी मुलाखत आहे. मग तपासणाऱ्याने आपला अभिप्राय दोन भागांत लिहावा. एका भागात प्रश्न कोणताही असला तरी टिकेल तेवढंच. आपल्या उमेदवाराच्या बाबतीत असं फार थोडं आहे. "आम्ही" लिहिलं आहे तिथे कुणी काय केलं ते कळत नाही. होल्डचं कार्ड कुणी लावलं, 400 नग किती जणांनी तपासले, दर 50 नगांचा नियम कुणी सुचवला, हे प्रश्न कोणत्याही मुलाखतीत निघतील. टीमबद्दलच्या प्रश्नातही निघतील, कारण निवड टीमची नव्हे, याची व्हायची आहे. तसंच "नंतर कळलं" हे कर्ता नसलेलं वाक्य कुठेही कमकुवतच. आणि अर्धा तास मागितला होता, माल मात्र रात्री साडेनऊला गेला. संध्याकाळ किती वाजता झाली ते सांगितलेलं नाही, त्यामुळे उशीर अर्ध्या तासाचा की तीन तासांचा हे ऐकणाऱ्याला जुळवता येत नाही.

लांबीबद्दल मात्र मी पहिल्या भागात काही लिहिणार नाही, जरी सगळ्यांना पहिल्यांदा तेच लिहावंसं वाटतं. हे उत्तर नेहमीच्या वेगाने बोललं तर मिनिटभरात संपतं. घडलेल्या प्रसंगाच्या प्रश्नाला ते आखूडच आहे, दोन मिनिटं सहज चालली असती. पण प्रश्न "माल अडवायचा अधिकार तुम्हाला आहे का?" एवढाच असेल, तर "हो, आणि तो मी वापरलाही आहे" इतकं पुरलं असतं. थोडक्यात सांगा हा सल्ला एका बाबतीत नुकसान करतो आणि दुसऱ्या बाबतीत वाचवतो.

दुसऱ्या भागात "जर-तर" स्पष्ट लिहावं. म्हणजे असं: "प्रश्न मतभेदाचा असेल तर साहेबांशी झालेलं बोलणं वाढवा. मूळ कारण शोधण्याचा असेल तर ते बोलणं काढा आणि झीज कशी सापडली ते सांगा. स्वतःच्या चुकीचा असेल तर हे उत्तर वापरूच नका, निदान असं तरी नाही." हे वाचायला "छान आहे" इतकं गोड वाटत नाही. उमेदवाराला वाटतं, एक सरळ उत्तर का देत नाहीत? पण यातला एकही "जर" गाळला की आपण त्याला अंदाजाच्या भरवशावर परवाच्या मुलाखतीला पाठवतो. शिवाय या "जर-तर" यादीचा एक फायदा होतो. ती वाचता वाचता पुष्कळदा उमेदवाराची आठवण जागी होते.

आपल्या उदाहरणात तसं झालं असं धरू. तिसरा "जर" वाचून तो लिहितो, "हो, पुढे त्यांनी विचारलं होतं, यात तुमचं काय चुकलं? मी म्हटलं, माझं नाही, सकाळच्या शिफ्टचं." म्हणजे प्रश्न स्वतःच्या चुकीबद्दलचाच होता आणि परीक्षकाने त्याला दुसरी संधीही दिली होती.

आता खरा अभिप्राय देता येतो, आणि त्यासाठी प्रसंग बदलावा लागत नाही. तो क्वालिटी विभागात आहे. उत्पादन चालू असताना मशीनवर फेरी मारून मधून मधून माप घेणं हे त्याच्या विभागाचं काम. टूल झिजत असताना व्यास एकदम उडी मारत नाही, नगागणिक थोडा थोडा सरकत जातो. मग 23 नग बाद होईपर्यंत ते फेरीत का सापडलं नाही? तो त्या दिवशी फेरीवर होता का? माप घेतलं पण मर्यादेच्या आत आहे म्हणून पुढे गेला आणि सतत वरच्या बाजूला सरकतंय हे पाहिलं नाही, असं झालं का? तसं असेल तर चूक तिथे आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक माप स्वतंत्रपणे "ओके" होतं, पण एकापाठोपाठ एक ठेवली असती तर कल दिसला असता. दर 50 नगांची नोंद ठेवायचं कारणही मग आपोआप कळतं. ती नोंद नुसती जास्त तपासणी करण्यासाठी नाही, सरकणारं माप वेळीच दिसावं म्हणून आहे.

अशा उत्तरात साहेबांचं "सोडून दे" हे वाक्य लागत नाही, सकाळच्या शिफ्टचा उल्लेखही एका अर्ध्या वाक्यापुरता. गेटवरची गाडी राहते, कारण चुकीची किंमत किती होती ते तिच्यामुळे समजतं. आणि तो त्या दिवशी फेरीवर नव्हताच, फक्त शेवटच्या तपासणीवर होता, असं निघालं तर हा प्रसंग या प्रश्नासाठी त्याचा नाहीच. मग तो वेळ आणि दर्जाच्या पेचासाठी राखून ठेवावा आणि स्वतःच्या चुकीबद्दलच्या प्रश्नासाठी तीन वर्षांतला दुसरा प्रसंग शोधावा, जिथे माप त्याने स्वतः घेतलं होतं.